प्रदर्शनातली भेट आणि दुसऱ्या दिवशीचा निरोप

शीतखोल्यांचं तापमान-मॅपिंग करून देणं हा माझा व्यवसाय. औषधं, लसी असा नाजूक माल २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. खोलीच्या कानाकोपऱ्यात तापमान खरंच तेवढं राहतं का, हे बघायला लॉगर नावाची छोटी नोंदयंत्रं जागोजागी बसवून काही दिवस मोजत राहायचं, आणि मग कुठली फळी वापरायची, कुठली रिकामी सोडायची ते ठरवायचं. या कामाची गिऱ्हाइकं जाहिरात वाचून येत नाहीत. आपल्या गोदामात कुठे गडबड आहे हे कुणी अनोळखी माणसाला फोनवर सांगत नाही. पण एखाद्या प्रदर्शनात, चर्चासत्र सुटल्यावर, समोरच्याला विषय कळतोय असं जाणवलं की उभ्याउभ्या पाच मिनिटांत माणूस मनातलं बोलून टाकतो. माझी बरीचशी कामं अशा पाच मिनिटांतून सुरू झाली आहेत. ती पाच मिनिटं आणि प्रत्यक्ष काम यांच्या मधे जे घडतं, त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे दुसऱ्या दिवशी लिंक्डइनवर जाणारा निरोप. अलीकडच्या एका भेटीच्या निमित्ताने तो कसा लिहिला आणि पुढे काय झालं ते सविस्तर सांगते.

शीतसाखळीवरचं प्रदर्शन होतं, सोबत चर्चासत्रं होती. एका सत्रात लॉगरच्या जागा निवडण्यावर बोलणं झालं. मी प्रश्न विचारला होता, म्हणून सत्र संपल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे आले. औषधांच्या एका वितरण कंपनीत गोदामप्रमुख. त्यांनी सांगितलं की त्यांच्या शीतखोलीचं मॅपिंग खोली रिकामी असताना झालं होतं आणि सगळं छान होतं. माल भरल्यापासून मात्र दाराजवळच्या वरच्या फळीवर अधूनमधून ८ अंशांच्या पुढे आकडा जातो. लॉगर बदलून पाहिला, दाराचं रबर बदललं, तरी तेच. मी म्हटलं, अशा खोलीत दाराच्या बाजूला लॉगर कुठे आणि किती उंचीवर लावावेत याचा आराखडा माझ्याकडे आहे, तो एका पानात करून पाठवते. त्यांनी कार्ड दिलं, मी माझं दिलं, आणि पुढच्या सत्राची वेळ झाली म्हणून ते निघाले.

ते वळल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे भिंतीच्या कडेला उभं राहून त्यांच्या कार्डाच्या मागे लिहिलं: ‘दार, वरची फळी, माल भरल्यावर. रबर बदललं. आराखडा द्यायचा. राखाडी जाकीट, सत्रानंतर.’ पुढच्या माणसाशी बोलण्याआधी हे लिहायचंच, अशी मला सवय आहे. त्यात तीन गोष्टी असतात: त्यांनी त्यांची अडचण कोणत्या शब्दांत सांगितली, मी काय द्यायचं कबूल केलं, आणि रात्री कार्ड हातात घेतल्यावर चेहरा आठवेल अशी एखादी खूण. हुद्दा, कंपनी, पत्ता कार्डावर छापलेलंच असतं, ते लिहीत बसायची गरज नाही.

हे लगेच का लिहायचं, याचं उत्तर फार जुन्या प्रयोगात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून, ती किती वेगाने विसरली जातात हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. तासाभरातच पाठांतराचा निम्म्याहून जास्त उपयोग संपलेला होता. एका दिवसाने साधारण एक तृतीयांश उरला होता, आणि त्यानंतरची घसरण बरीच संथ होती. प्रदर्शनात एकामागून एक भेटलेल्या अनोळखी माणसांची नावं आणि कंपन्या आपल्या डोक्याला त्या निरर्थक अक्षरांहून फार वेगळ्या वाटत नसाव्यात. निदान माझा अनुभव तसाच आहे.

यातून मला एक गोष्ट पटली, आणि निरोप कसा लिहायचा हे सगळं तिच्यावरच ठरतं. चोवीस तासांच्या आत लिहिलं म्हणून समोरच्याला आपण आठवतो असं होत नाही. विसरण्यातला मोठा भाग तो सभागृहाबाहेर पडेपर्यंत होऊन गेलेला असतो. त्यांनीही त्या दिवशी माझ्यासारखी कितीतरी कार्डं खिशात टाकली होती. म्हणजे निरोपालाच आठवण करून देण्याचं काम करावं लागतं, आणि ती माझ्या नावाने होत नाही, त्यांच्या स्वतःच्या वाक्याने होते. स्वतः काय बोललो हे माणसाला दुसऱ्याच्या नावापेक्षा जास्त काळ लक्षात राहतं. दिवसाची मर्यादा पाळायची ती दुसऱ्या कारणासाठी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्रदर्शनात मांडणी केलेल्या सगळ्या विक्रेत्यांची यादीवरून पाठवलेली पत्रं यायला लागतात. त्यांच्या आधी आपला निरोप पोचला तर तो एका माणसाने लिहिलेला वाटतो. त्या ढिगात पडला तर तोच मजकूर विक्रीपत्र वाटतो.

याचा पुरावा मला त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर मिळाला. लिंक्डइनवर काही निमंत्रणं येऊन पडली होती. बहुतेकांसोबत एक ओळही नव्हती. दोघांनी लिहिलं होतं की आपल्याला भेटून आनंद झाला, एकत्र काम करण्याच्या संधी शोधूया. मी दोघांचे फोटो मोठे करून पाहिले. एकाचा चेहरा ओळखीचा वाटला, पण आम्ही काय बोललो ते काही केल्या आठवेना. दुसऱ्यांना मी भेटले होते की नाही याचीच खात्री नव्हती. दोघंही सज्जन असणार, त्यांचा हेतूही चांगला असणार. पण त्या वाक्यात आमच्या भेटीचं काहीच नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायला मला धरायला काही नव्हतं. ‘धन्यवाद’ एवढंच लिहून ते संभाषण तिथेच संपलं.

रात्री मी त्या गोदामप्रमुखांना शोधायला बसले. त्यांच्या नावाची माणसं भरपूर निघाली. अशा वेळी नुसतं नाव टाकून खाली खाली सरकत जाण्यापेक्षा शोधाच्या निकालांत सध्याची कंपनी ही गाळणी लावणं सोपं. तरीही दोन उरले. एकाचा फोटो नव्हता, दुसऱ्याचा होता पण बराच तरुणपणीचा. फोटो नसलेल्यांच्या पानावर हुद्दा खरेदी विभागातला होता, तरुण फोटोवाल्यांच्या पानावर गोदाम व वितरण. शिवाय आमच्या दोघांच्या ओळखीचा एक जण या दुसऱ्यांच्या यादीत दिसला, तोही शीतगृहांच्याच धंद्यातला. खात्री झाली. हे पाच मिनिटांचं काम टाळू नये, कारण चुकीच्या माणसाला ‘काल आपण बोललो’ असं गेलं तर तो सरळ दुर्लक्ष करणार, आणि दुर्लक्ष करताना ‘या व्यक्तीला मी ओळखत नाही’ असंही कळवू शकतो. असं वारंवार झालं तर लिंक्डइन आपल्या निमंत्रणांवर बंधनं घालू शकतं.

त्यांच्या पानावर आणखी एक गोष्ट पाहिली: शेवटची हालचाल कधीची आहे. महिन्याभरात त्यांनी दोन पोस्टवर प्रतिक्रिया दिल्या होत्या. म्हणजे माणूस इथे येतो. ज्याच्या पानावर वर्षानुवर्षं काही हललेलं नाही त्याला लिंक्डइनवर गाठण्यात अर्थ नसतो. कार्डावरच्या ईमेलवर तोच निरोप पाठवलेला बरा.

इथे बटणांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चांगला मजकूर मनात असूनही तो जातच नाही असं बऱ्याच जणांचं होतं. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून जी कार्डं दिसतात, त्यांच्यावरचं Connect दाबलं की निमंत्रण थेट जातं, टिपण लिहायला जागाच मिळत नाही. म्हणून नेहमी त्या माणसाच्या पूर्ण पानावर जावं. काहींच्या पानावर समोर फक्त Follow दिसतं आणि Connect हे More च्या आत दडलेलं असतं. या गोदामप्रमुखांचं तसंच होतं. Connect दाबल्यावर Add a note विचारलं जातं, तिथे लिहायचं. टिपणात फक्त मजकूर जातो, फाइल जोडता येत नाही. मोफत खात्याला महिन्याला अशी मोजकीच टिपणं मिळतात, आणि तीही दोनशे अक्षरांची. पैसे भरलेल्या खात्याला तीनशे अक्षरं मिळतात.

टिपणं मोजकी असल्यामुळे ती कुणावर खर्च करायची हे ठरवावं लागतं. माझा मार्ग असा की शक्य असेल तिथे भेट चालू असतानाच जोडून घ्यायचं. लिंक्डइनच्या मोबाइल ॲपमध्ये शोधाच्या चौकटीजवळ स्वतःचा क्यूआर कोड निघतो. समोरच्याने तो स्कॅन केला की माझं पान उघडतं, त्यांनी निमंत्रण पाठवलं की मी तिथेच स्वीकारते. एकदा जोडलं गेलं की पुढचा संदेश साधा संदेश असतो, त्याला दोनशे अक्षरांचं बंधन नाही आणि महिन्याची मोजदादही नाही. त्या दिवशी ज्यांच्याशी असं झालं त्यांना संध्याकाळी निवांत लिहिता आलं. या गृहस्थांना पुढच्या सत्राची घाई होती, त्यांच्याशी तसं जमलं नाही. त्यांच्यासाठी टिपण खर्च करायचं हे मी ते वळले तेव्हाच ठरवलं होतं.

पहिला मसुदा फोनच्या नोंदवहीत लिहिला:

‘नमस्कार सर, काल शीतखोलीच्या चर्चासत्रानंतर आपण बोललो. दाराजवळच्या वरच्या फळीवर तापमान ८ अंशांपुढे का जातं, हा तुमचा प्रश्न होता. लॉगर कुठे बसवावेत याचा एक पानी आराखडा पाठवते म्हणाले होते. संपर्कात जोडून घेतलंत तर इथेच पाठवते.’

रात्री लिहीत असूनही ‘काल’ लिहिलं, कारण पाठवायचं सकाळी होतं. रात्री आलेला निरोप सकाळी उठल्यावर बाकीच्या सूचनांच्या खाली गेलेला असतो. शिवाय अनोळखी माणसाला रात्री साडेदहाला लिहिणं मला स्वतःला आवडत नाही. कार्यालय सुरू होऊन तासभर झाल्यावर माणूस जागेवर बसलेला असतो, तेव्हा लिहावं. तरीही भेटीपासून चोवीस तास होत नाहीत.

मसुदा तीनशेत बसत होता, दोनशेत बसत नव्हता. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘प्रश्न’ हा डोळ्यांना दोन-तीन अक्षरांचा वाटणारा शब्द तिथे सहा जागा घेतो. त्यामुळे कापाकाप करणं भाग होतं. पण कापायला बसले तेव्हा जागेपेक्षा मोठी गोष्ट लक्षात आली.

‘तापमान ८ अंशांपुढे का जातं’ हे वाक्य लिखित स्वरूपात जाऊ द्यायचं का? औषधांच्या गोदामात तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणं ही साधी बाब नाही. त्याची नोंद होते, कारण शोधावं लागतं, त्या मालाचं काय करायचं यावर निर्णय घ्यावा लागतो, आणि तपासनीस आले की ते सगळं कागदावर दाखवावं लागतं. त्यांनी मला ते विश्वासाने, तोंडी सांगितलं होतं. तेच वाक्य त्यांच्या कंपनीबाहेरच्या एका जाळ्यावर, एका बाहेरच्या बाईच्या नावाने लिहून ठेवलेलं त्यांना कसं वाटलं असतं? शिवाय काही जणांचं खातं त्यांचे सहकारी सांभाळतात, काहींच्या फोनच्या पडद्यावर संदेशाची पहिली ओळ सगळ्यांसमोर झळकते. अडचणीची आठवण करून द्यायची, पण अडचण उघडी करायची नाही. मी वाक्यातला दोष काढला आणि फक्त जागा ठेवली. ‘दाराजवळची वरची फळी’ एवढं त्यांना पुरेसं होतं. तिसऱ्या कुणी वाचलं तर ती लॉगर बसवण्याची सर्वसाधारण चौकशी वाटली असती.

सकाळी हे गेलं:

‘नमस्कार सर, काल शीतखोलीच्या चर्चासत्रानंतर आपण बोललो. दाराजवळच्या वरच्या फळीवर लॉगर कुठे बसवावेत, याचा एकपानी आराखडा पाठवते म्हणाले होते. जोडून घेतलंत तर इथेच पाठवते.’

यात माझ्या कंपनीचं नाव नाही, मी काय काय सेवा देते ते नाही, भेटायला कधी येऊ हेही नाही. नाव आणि काम निमंत्रणासोबत आपोआप दिसतंच, त्यावर अक्षरं घालवायची कशाला? भेटीची वेळ मागणं तर या टप्प्यावर मला चुकीचंच वाटतं. मी काही देण्याचं कबूल केलं होतं, ते अजून दिलेलंही नाही, आणि त्याआधीच त्यांच्याकडे अर्धा तास मागायचा, हे बरं दिसत नाही. टिपणात एकच विनंती आहे, स्वीकारण्याची, आणि स्वीकारल्यावर काय मिळणार तेही त्याच वाक्यात आहे.

पाठवल्यावर लगेच मी आराखड्याकडे वळले. कबूल केलेली वस्तू तयार नसताना ‘पाठवते’ लिहून ठेवलं की स्वीकार आल्यावर धावपळ होते, आणि मग दिवसभराने, दोन दिवसांनी पाठवली जाते. तोवर त्यांच्या मनातला धागा पुन्हा सुटतो. माझ्याकडचा नेहमीचा आराखडा चार खोल्यांचा, दोन पानांचा होता. त्यातून मी फक्त दार एका बाजूला असलेली, समोर बाष्पकाचा, म्हणजे खोलीतली हवा थंड करणाऱ्या भागाचा, पंखा असलेली खोली घेतली, कारण त्यांनी हाताने हवेत काढून दाखवलेली खोली तशी होती. लॉगरच्या जागा दाखवल्या: कोपऱ्यांत वर आणि खाली, मध्यभागी, पंख्याच्या झोतात, आणि दाराच्या बाजूला वरच्या फळीवर एकाऐवजी दोन, एक कडेला, एक मालाच्या मागे. खाली दोन ओळी लिहिल्या की माल भरल्यावर पंख्याची हवा दारापर्यंत पोचायची वाट बदलते, म्हणून रिकाम्या खोलीचं मोजमाप या फळीबद्दल फार काही सांगत नाही. कंपनीचं चिन्ह एका कोपऱ्यात लहान ठेवलं. माहितीपत्रक जोडलं नाही.

दुपारी स्वीकार आला. सोबत शब्द नव्हता, नुसता स्वीकार. अनेकांना यात थंडपणा वाटतो आणि ते तिथेच थांबतात, पण थांबायचं कारण नाही. निमंत्रण स्वीकारलं की आपलं टिपण त्या दोघांच्या संभाषणातला पहिला संदेश म्हणून दिसतं. म्हणजे मी पुढचं लिहीन तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वर ‘दाराजवळच्या वरच्या फळीवर’ हे शब्द असणारच होते, सगळं पुन्हा सांगायची गरज नव्हती. मी एवढंच लिहिलं:

‘आभारी आहे सर. आराखडा जोडला आहे. तुम्ही सांगितलेल्या खोलीसारखीच मांडणी घेतली आहे, दाराच्या बाजूला दोन लॉगर दाखवलेत. एक विचारायचं होतं: तुमच्या कंट्रोलरवर डिफ्रॉस्टच्या वेळा दिसतात का?’

शेवटचा प्रश्न मी विचारपूर्वक घातला. फाइल पाठवून नुसतं ‘कळवा’ म्हटलं तर समोरच्याला आधी फाइल उघडून अभ्यास करावा लागतो, मग मत बनवावं लागतं, आणि ते ‘नंतर’वर जातं. प्रश्न असा हवा की गोदामातून चालता चालता एका ओळीत उत्तर देता येईल, आणि ज्याच्या उत्तराने मला खरंच काही कळेल. उगाच उत्तर काढून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न जाणकार माणूस लगेच ओळखतो. डिफ्रॉस्टचा प्रश्न मला खरोखर पडला होता. बाष्पकावर साठलेलं बर्फ वितळवायला ठरावीक वेळाने थंडावा बंद करतात, बऱ्याच ठिकाणी त्या वेळी हीटर चालतो, आणि तेवढा वेळ खोलीतली हवा थोडी तापते. ऊबदार हवा वर जाते, म्हणून वरच्या फळीवर आधी कळतं.

उत्तर संध्याकाळी आलं: ‘हो दिसतात. दिवसातून चार वेळा. सकाळचा एक गाडी भरतानाच येतो, आत्ता तुम्ही विचारल्यावर पाहिलं.’

यात सगळंच होतं. गाडी भरताना दार उघडं राहतं, बाहेरची गरम, दमट हवा वरच्या बाजूने आत शिरते, आणि नेमका त्याच वेळी थंडावा बंद. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या झाल्या तर खोली सांभाळून घेते, एकत्र आल्या की दाराजवळची वरची फळी मार खाते. लॉगर आणि रबर बदलून काही फरक पडला नाही याचाही उलगडा झाला. मी लिहिलं की शीतयंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला विचारून तो एक डिफ्रॉस्ट गाडीच्या वेळेपासून दूर सरकवून पाहा, आणि वेळ बदलल्याची लेखी नोंद ठेवा, कारण अशा खोलीतली सेटिंग कुणी परस्पर बदलू नये. त्यावर त्यांनी स्वतःहून मोबाइल नंबर पाठवला आणि लिहिलं की यापुढचं फोनवर बोलू.

हे मला महत्त्वाचं वाटतं. लिंक्डइनवरचं संभाषण तिथेच ताणत न्यायचं नसतं. समोरच्याने नंबर दिला, ईमेल दिला, की पुढचं तिथे. त्यांच्या बाबतीत तर ते आवश्यकच होतं, कारण यापुढे खरे आकडे, तारखा, मालाची नावं बोलायची होती. वेळ बदलल्यावर आकडे खाली आले, पण भरलेल्या खोलीचं मॅपिंग झालेलंच नव्हतं, आणि ते करून घ्यायला हवं हे त्यांच्या गुणवत्ता विभागालाही पटलं. ते काम आमच्याकडे आलं. ते आलं नसतं तरी तो आराखडा आणि तो प्रश्न मी तसाच पाठवला असता, कारण वेळ सरकवल्याने त्यांचा माल वाचत होता.

त्या दिवशी भेटलेल्या सगळ्यांचं असं झालं नाही. एका बाईंनी निमंत्रण स्वीकारलं, मी कबूल केलेला दुवा पाठवला, पुढे काहीच नाही. अशा वेळी मी आठवडा जाऊ देते आणि मग एकच संदेश लिहिते, तोही नवं काहीतरी हातात असेल तरच. ‘माझा आधीचा संदेश पाहिलात का’ असं विचारणारा संदेश मी पाठवत नाही, त्याने समोरच्यावर उत्तर देण्याचं ओझं पडतं आणि हाती काहीच येत नाही. संदेश वाचल्याची खूण दिसते की नाही यावरून अर्थ काढू नये, कारण दोघांनीही ती सोय चालू ठेवली असेल तरच ती दिसते. आणखी एकांनी बोलताना स्पष्ट सांगितलं होतं की आमच्याकडे हे सगळं खरेदी विभागातून होतं. त्यांना मी निमंत्रण पाठवलं, पण कामाचं काही लिहिलं नाही, खरेदी विभागाचा पत्ता सांगितल्याबद्दल आभार मानले, आणि अर्ज त्या पत्त्यावर केला.

एक निमंत्रण मात्र अजून तसंच पडून आहे, Sent च्या यादीत रोज दिसतं. पडून असलेल्या निमंत्रणात दुसरं टिपण घालता येत नाही. मागे घेऊन नव्याने पाठवावं म्हटलं तर Withdraw केल्यावर त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा निमंत्रण पाठवता येत नाही, तोवर ती भेट फारच जुनी होईल. म्हणून ते मागे घेतलेलं नाही. त्यांच्या कार्डाच्या मागे मी लिहिलं आहे: ‘नवी खोली, पुढच्या तिमाहीत सुरू. रिकामी असताना मोजायची.’ खोली सुरू होण्याच्या आधी त्यांना कार्डावरच्या ईमेलवर लिहीन, आणि पहिली ओळ त्या नव्या खोलीचीच असेल.